शिटी थांबते तेव्हा : एक ज्वालामुखी वाहतो, दुसरा फुटतो

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियाच्या अफार प्रदेशातील हायली गुब्बी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याची राख सुमारे १४ किलोमीटर उंचीपर्यंत उसळली. वाऱ्याने ती तांबड्या समुद्रावरून येमेन आणि ओमानच्या दिशेने नेली आणि दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरच्या रात्री, ती अरबी समुद्र ओलांडून गुजरात, राजस्थान आणि दिल्लीच्या आकाशात येऊन पोहोचली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांना राखेचा पट्टा टाळण्याच्या सूचना दिल्या आणि विमान कंपन्यांना काही उड्डाणे रद्द करावी लागली. ज्याचे नावही भारतात कुणी ऐकले नव्हते, अशा डोंगराने एका दिवसात येथील प्रवाशांचे वेळापत्रक बिघडवले.

या घटनेतली लक्षणीय गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. हायली गुब्बीपासून जेमतेम १२-१५ किलोमीटरवर एर्ता अले हा दुसरा ज्वालामुखी आहे. त्याच्या मुखात दशकानुदशके लाव्हाचे तळे खदखदत असते. पर्यटक त्याच्या काठावर उभे राहून छायाचित्रे काढत आले आहेत. एकाच रांगेतले हे दोन शेजारी. एक वर्षानुवर्षे उघड्यावर उकळतो आणि त्याची राख शेजारच्या गावापलीकडे जात नाही, तर दुसरा इतिहासात नोंद नसलेल्या दीर्घ मौनानंतर एकदाच जागा होतो आणि थेट दुसऱ्या खंडाच्या आकाशात शिरतो.

ज्वालामुखी कधी शांतपणे वाहतो आणि कधी स्फोटाने फुटतो, हे ठरवणाऱ्या मुख्य गोष्टी दोन आहेत. पहिली शिलारसाचा दाटपणा आणि दुसरी त्यात विरघळलेला वायू. परंतु या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजून भागत नाही. वायूला बाहेर पडायला वाट मिळते की नाही, हा त्यातला खरा प्रश्न आहे. १९९१ साली फिलिपिन्समध्ये याच प्रश्नाच्या उत्तरावर हजारो माणसांचे प्राण अवलंबून होते.

पिठले आणि पाणी

शिलारस म्हणजे भूपृष्ठाखाली वितळलेला खडक. तो किती दाट असेल, हे प्रामुख्याने त्यातील सिलिकाच्या प्रमाणावर ठरते. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांत गुंतून साखळ्या आणि जाळी तयार करतात. सिलिका जितकी अधिक, तितकी ही जाळी विस्तृत आणि तितका रस सरकायला जड. त्यात तापमानाचीही भर पडते, कारण गरम रस सैल असतो आणि थंड रस आखडतो.

हवाई बेटांवरचा शिलारस बेसाल्ट जातीचा असतो. त्यात सिलिका सुमारे ५० टक्के आणि तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. त्याचा दाटपणा साधारण मधापासून घट्ट काकवीपर्यंतचा असतो, म्हणून तो उतारावरून नदीसारखा धावतो. फिलिपिन्स, जपान किंवा अँडीज पर्वतातल्या ज्वालामुखींमध्ये डेसाइट जातीचा शिलारस पुष्कळदा आढळतो. त्यात सिलिका ६३ टक्क्यांच्या पुढे असते आणि तापमान बेसाल्टपेक्षा दोन-तीनशे अंशांनी, कधी त्याहूनही अधिक, कमी. हा रस बेसाल्टच्या हजारो पटींपासून कोट्यवधी पटींपर्यंत दाट असू शकतो. भौतिकशास्त्रात या गुणधर्माला श्यानता म्हणतात.

स्वयंपाकघरात हा फरक रोज दिसतो. पातेल्यातले पाणी उकळते तेव्हा बुडबुडे वर येतात, फुटतात आणि वाफ निघून जाते. अंगावर फारसे काही उडत नाही. त्याच आचेवर पिठले रटरटू लागले की वाफ दाट मिश्रणाखाली कोंडते, फुगा मोठा होतो आणि फुटतो तेव्हा गरम शिंतोडे हातावर येतात. वाफ दोन्हीकडे तीच आहे. तिला वर यायला मिळालेला मार्ग मात्र निराळा आहे.

शिलारसातल्या बुडबुड्याचा हिशेब याहूनही बोलका आहे. बेसाल्टच्या रसात एक सेंटिमीटर व्यासाचा वायूचा बुडबुडा तासाभरात सुमारे दहा मीटर वर चढू शकतो. शिलारस स्वतः सावकाश वर येत असेल, तर बुडबुडे त्याच्या पुढे निघून जातात. आता रसाचा दाटपणा वीस हजार पट वाढवला, म्हणजे डेसाइटच्या जवळ आणला, तर तोच बुडबुडा अख्ख्या दिवसात सेंटिमीटरभरच सरकतो. व्यवहारात तो रसात अडकून पडलेला असतो. शिलारस वर येईल तेव्हाच तोही वर येणार आणि वाटेत फुगत राहणार. शांत आणि स्फोटक उद्रेकांमधला फरक या सरकण्याच्या वेगात दडलेला आहे.

विरघळलेले पाणी

शिलारसातला सर्वांत महत्त्वाचा वायू म्हणजे पाण्याची वाफ. त्याच्या पाठोपाठ कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड येतात. सात-आठ किलोमीटर खोलीवर दाब एवढा प्रचंड असतो की सिलिकायुक्त रसात वजनाच्या पाच-सहा टक्के पाणी विरघळून राहू शकते. तेथे बुडबुडा नसतो, वाफही नसते. पाण्याचे रेणू त्या सिलिकाच्या जाळीतच सामावलेले असतात. भूपृष्ठावरच्या दाबाला मात्र हाच रस जेमतेम एक दशांश टक्का पाणी धरून ठेवू शकतो. म्हणजे वर येताना जवळजवळ सगळे पाणी त्याला सोडावे लागते. झाकण काढताच सोड्याच्या बाटलीत जे घडते, तेच येथे घडते.

या सुटलेल्या पाण्याचे आकारमान थक्क करणारे आहे. पाच टक्के पाणी असलेला एक घनमीटर शिलारस खोलातून एकदम भूपृष्ठावर आणला, तर सुटलेली वाफ धरून तो सहाशे घनमीटरहून अधिक जागा व्यापेल. एका मोठ्या टेबलाएवढा ऐवज क्षणात दोन-तीन सदनिका भरून टाकेल, असे हे प्रमाण आहे. हे प्रसरण सावकाश, बुडबुड्यांच्या रूपाने झाले तर ज्वालामुखी नुसता वाफाळतो. दाट रसात अडकलेल्या असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांमध्ये ते एकाच वेळी झाले, तर रसाचा आधी फेस होतो. बुडबुड्यांनी साधारण तीन चतुर्थांश जागा व्यापली की त्यांच्यामधल्या पातळ भिंती तो ताण सोसू शकत नाहीत. त्या तुटतात आणि द्रव शिलारसाचे रूपांतर तप्त वायूत तरंगणाऱ्या तुकड्यांत होते. त्या तुकड्यांतले मोठे म्हणजे पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र प्युमिस दगड आणि बारीक म्हणजे ज्वालामुखीची राख.

या राखेत जळून गेलेले काही नसते. ती तुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींची काच आणि खडकाची पूड असते. म्हणूनच ती विमानांना घातक ठरते. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात ही काच वितळते आणि पुढच्या थंड भागात चिकटून गोठते. हायली गुब्बीच्या राखेपासून विमाने दूर ठेवली गेली ती याच कारणाने.

पाण्याच्या गोष्टीत आणखी एक मेख आहे. विरघळलेले पाणी सिलिकाच्या साखळ्या तोडते आणि रसाला सैल ठेवते. ते पाणी बुडबुड्यांत निघून गेले की उरलेला रस झपाट्याने घट्ट होतो. म्हणजे वायू गमावणारा शिलारस स्वतःच्याच वाटेत बूच होऊन बसू शकतो. वरचा थर वायू सोडून कडक झालेला आणि खालून वायूने भरलेला ताजा रस दाब देत असलेला, ही ज्वालामुखीची सर्वांत धोकादायक अवस्था होय.

डेसाइटमध्ये पाणी येते कोठून, याचे उत्तर भूगोलात आहे. फिलिपिन्सच्या लुझॉन बेटाखाली समुद्रतळाचा खडक तिरका होऊन पृथ्वीच्या पोटात शिरत आहे. सागरी खडकांच्या खनिजांत बांधलेले पाणी खोलात गेल्यावर सुटते आणि वरच्या खडकाला वितळवते. त्यामुळे तेथला शिलारस जन्मतःच ओला असतो. हवाईखालचा रस पृथ्वीच्या खोल भागातून थेट वर येतो आणि त्यात पाण्याचे प्रमाण फार थोडे असते. रसही पातळ आणि वायूही कमी, असा हा दुहेरी सुदैवाचा योग आहे.

पिनाटुबो, १९९१

लुझॉन बेटावरचा पिनाटुबो हा पर्वत १९९१ पूर्वी ज्वालामुखी म्हणून लोकांच्या खिजगणतीतही नव्हता. त्याचा आधीचा उद्रेक सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा. उतारांवर दाट जंगल होते आणि तेथे आएटा आदिवासींच्या वस्त्या होत्या. पायथ्याच्या पूर्वेला क्लार्क हा अमेरिकेचा मोठा हवाई तळ होता. २ एप्रिल १९९१ रोजी डोंगराच्या उत्तर बाजूला वाफेचे स्फोट झाले आणि फिलिपिन्सच्या ज्वालामुखी व भूकंप संस्थेने तेथे भूकंपमापक बसवायला सुरुवात केली. रेमुंडो पुनोंगबायान हे त्या वेळी संस्थेचे संचालक होते. काही आठवड्यांत अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे पथकही येऊन मिळाले.

त्यांच्यापुढचा प्रश्न सोपा नव्हता. वाफेचे स्फोट केवळ तापलेल्या भूजलामुळेही होऊ शकतात. खाली नवा शिलारस आला आहे की नाही, हे कसे ओळखायचे? याची एक खूण सल्फर डायऑक्साइड देतो. तो भूजलातून सहजी येत नाही, ताजा शिलारस वर येत असेल तरच तो मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. धुराच्या पट्ट्यातून जाणाऱ्या सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे हा वायू किती शोषतो, हे विमानातून मोजून त्याचे प्रमाण काढता येते. १३ मे रोजी पिनाटुबोतून दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता. २८ मेपर्यंत हा आकडा ५,००० टनांच्या वर गेला. शिलारस आला होता आणि वर सरकत होता.

त्यानंतर आकडा घसरू लागला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो ३०० टनांच्याही खाली आला.

येथे दोन परस्परविरुद्ध अर्थ संभवत होते. संकट टळले, शिलारसातला वायू संपला, डोंगर पुन्हा झोपी जात आहे, असा एक अर्थ. शिलारसाचा वरचा भाग वायू गमावून घट्ट झाला आहे, वायूच्या वाटा बुजल्या आहेत आणि आत दाब साठतो आहे, असा दुसरा. चुलीवरच्या कुकरची शिटी थांबली, तर आच विझली आहे की शिटीच्या भोकात डाळीचे साल अडकले आहे, हे केवळ शिटीकडे पाहून सांगता येत नाही. आच पाहावी लागते.

वैज्ञानिकांनी आच पाहिली. वायू घटत असतानाच भूकंपांची संख्या कमी होण्याऐवजी त्यांची जागा बदलली. आधी ते शिखराच्या वायव्येला काही किलोमीटर अंतरावर होत होते, आता ते थेट मुखाच्या खाली येऊ लागले. उतारावर बसवलेल्या कलमापकांनी दाखवले की डोंगराचा वरचा भाग फुगतो आहे. आच विझली असती तर डोंगर फुगला नसता. वायूची घट हे बूच बसल्याचे लक्षण मानले गेले. ७ जून रोजी मुखाजवळ घट्ट लाव्हाचा छोटा घुमट वर आलेला दिसला. वायू बराचसा गमावलेला दाट शिलारस दंतमंजनाच्या नळीतून पेस्ट निघावी तसा बाहेर सरकत होता.

पिनाटुबोच्या कोठारातल्या डेसाइटमध्ये सिलिका सुमारे ६५ टक्के होती, तापमान जेमतेम ७८० अंश आणि विरघळलेले पाणी सुमारे सहा टक्के. त्यात जवळजवळ निम्मा भाग घन स्फटिकांचा होता, त्यामुळे तो लापशीसारखा आणखी जड झाला होता. असा रस हजारो वर्षे निपचित पडून राहू शकतो. त्याला जागे केले ते खालून आलेल्या गरम बेसाल्टने. घुमटाच्या खडकात हे दोन रस मिसळल्याच्या खुणा सापडल्या. गरम, पातळ बेसाल्टने थंड, दाट डेसाइटला उष्णता आणि वायू पुरवले आणि तुंबलेला ऐवज हलला.

९ जूनला धोक्याची सर्वोच्च, पाचवी पातळी जाहीर झाली. १० जूनला क्लार्क तळावरून सुमारे १५ हजार माणसे मोटारींच्या ताफ्यांतून सुबिक नौदल तळाकडे निघाली. पायथ्याच्या गावांतूनही लोक हलवले जात होते आणि रिकामे करण्याचे वर्तुळ १० किलोमीटरवरून टप्प्याटप्प्याने वाढवत नेले जात होते. १२ जूनला पहिला मोठा स्फोट झाला. बूच उडाले, दाब एकदम उतरला आणि त्याखालचा वायूने भरलेला रस फेसाळत वर येऊ लागला. १५ जूनला दुपारी डोंगराने कळस गाठला. राखेचा स्तंभ ३५ किलोमीटरच्या वर गेला. सुमारे पाच घन किलोमीटर शिलारस काही तासांत बाहेर फेकला गेला, शिखर खचले आणि त्याजागी अडीच किलोमीटर रुंदीचा खड्डा उरला. स्फोटाबरोबर दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात गेला. त्यापासून बनलेल्या सूक्ष्म थेंबांनी सूर्यप्रकाश अडवला आणि पुढच्या वर्षभरात जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. शिखरातून गळणारा वायू जूनच्या आरंभी जवळजवळ थांबला होता, पण तो संपलेला नव्हता, हे याहून स्पष्टपणे कशाने सिद्ध होणार?

त्याच दिवशी युन्या हे चक्रीवादळ लुझॉनवरून जात होते. पावसात भिजलेली राख ओल्या सिमेंटसारखी जड झाली आणि स्फोटाच्या त्या दिवसांतले बहुसंख्य मृत्यू छपरे कोसळून झाले. पुढे छावण्यांतील रोगराई आणि पावसाळ्यात डोंगरावरून येणारे राखेच्या चिखलाचे लोंढे यांनी बळींची संख्या वाढली. तरीही वेळीच केलेल्या स्थलांतराने किमान पाच हजार प्राण वाचले, असा अमेरिकी भूवैज्ञानिक संस्थेचा अंदाज आहे. स्थलांतराचा निर्णय एका आकड्यावर झाला नव्हता. मात्र घटता आकडा म्हणजे दिलासा, असे समजून तो थांबवला गेला असता, तर १५ जूनला ती गावे भरलेली असती.

नियमाच्या मर्यादा

दाट आणि वायूयुक्त रस फुटतो, पातळ आणि वायूरहित रस वाहतो, एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही. याच नियमाला तीन वळणे आहेत आणि बातम्या वाचताना ती ध्यानात ठेवावी लागतात.

पहिले वळण वेगाचे. दाट रसही पुरेसा सावकाश वर आला, तर त्यातला वायू भेगांमधून आणि जोडल्या गेलेल्या बुडबुड्यांमधून झिरपून निघून जातो. अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्सने मे १९८० मध्ये प्रचंड स्फोट केला. त्याच डोंगरात २००४ ते २००८ या काळात डेसाइटच पुन्हा वर आला, पण वायू बराच गमावून, हळूहळू आणि घुमटाच्या रूपाने. रस त्याच जातीचा होता, चाल मात्र निराळी. पिनाटुबोवर ७ जूनला आलेला घुमट आणि १५ जूनचा स्फोट यांच्यामध्ये तर अवघ्या आठ दिवसांचे अंतर होते.

दुसरे वळण पातळ रसाचे. बेसाल्टमध्ये वायू भरपूर असेल आणि तो वेगाने वर आला, तर तो ओढ्यासारखा वाहण्याऐवजी कारंज्यासारखा उडतो. हवाईतील किलाउएया डिसेंबर २०२४ पासून वारंवार अशी कारंजी उडवत आहे आणि त्यांतली काही ३०० मीटरहून उंच गेली. दृश्य भयंकर, पण रस पातळ असल्याने वायू तेथल्या तेथे सुटतो आणि बहुतांश लाव्हा मुखाच्या आसपासच कोसळतो. याच ज्वालामुखीच्या २०१८ मधील उद्रेकाने सातशेहून अधिक इमारती गिळल्या, मात्र लाव्हाखाली कुणाचा जीव गेला नाही. लाव्हा चालत येतो आणि माणसाला चालत दूर जाता येते. घर मात्र हलत नाही.

तिसरे वळण बाहेरच्या पाण्याचे. शिलारसाला वाटेत समुद्र, तळे, भूजल किंवा हिम भेटले, तर ते पाणी क्षणात वाफ होऊन स्फोट घडवू शकते, मग रस पातळ असला तरीही. टोंगामधील हुंगा टोंगा ज्वालामुखीचा जानेवारी २०२२ मधील समुद्राखालचा स्फोट हे त्याचे अलीकडचे ठळक उदाहरण. उलट भूजल सल्फर डायऑक्साइडला विरघळवून टाकते, त्यामुळे मोजणीत वायू कमी दिसतो आणि डोंगर आहे त्यापेक्षा निवांत वाटतो. म्हणूनच एकट्या वायूच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. वायू, भूकंप आणि जमिनीचे फुगणे या तिन्ही नोंदी एकत्र वाचाव्या लागतात. जेथे एकही उपकरण नाही, तेथे यांतले काहीच वाचता येत नाही. अफारच्या निर्जन वाळवंटातील हायली गुब्बीचा उद्रेक जगाला कळला तो मुख्यतः उपग्रहांमुळे, राख आकाशात चढल्यावर.

पायाखालचा पुरावा

भारतात सध्या जागृत असलेला ज्वालामुखी एकच, अंदमान समुद्रातील निर्मनुष्य बॅरन बेट. दीडशे वर्षांहून अधिक काळ शांत राहून ते १९९१ मध्येच, म्हणजे पिनाटुबोच्या वर्षीच, पुन्हा जागे झाले. सप्टेंबर २०२५ मध्येही तेथे छोटे उद्रेक झाले. बॅरनचा शिलारस मुख्यतः बेसाल्ट जातीचा असल्याने त्याचे उद्रेक लहान भडक्यांचे आणि लाव्हा वाहण्याचे असतात. त्याखालीही समुद्रतळ पृथ्वीच्या पोटात शिरत असल्यामुळे तो हवाईसारखा कोरडा मात्र नाही. त्याच्यावर नजर ठेवावी लागते ती यासाठी.

मराठी मुलखाची जमीन याहून जुनी साक्ष देते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून बाहेर पडलेल्या बेसाल्टच्या थरांवर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्याची दक्षिणेकडची कड बेळगावच्या परिसरात आणि गोव्याच्या ईशान्य टोकाला सह्याद्रीच्या माथ्यावर येऊन संपते. घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे एकामागून एक पसरलेले लाव्हाचे प्रवाह. पातळ रस असल्यानेच तो एवढ्या दूरवर सपाट पसरू शकला. पिनाटुबोसारख्या दाट रसाने येथे पठाराऐवजी घुमट आणि राखेचे ढीग उभे केले असते.

वायू येथेही होता आणि त्याची निशाणी दगडात राहिली आहे. प्रत्येक प्रवाहाच्या वरच्या भागात वाटाण्याएवढी ते लिंबाएवढी पोकळ भोके असतात. ते वर चढता चढता रस गोठल्यामुळे अडकलेले शेवटचे बुडबुडे होत. पुढे त्या पोकळ्यांत भूजलाने पांढऱ्या, गुलाबी झिओलाइटचे स्फटिक भरले. नाशिक, जळगाव आणि पुण्याच्या खाणींतले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. प्रवाहाचा मधला भाग मात्र सहसा भरीव असतो, कारण रस पातळ असल्याने तेथला वायू वर निसटून गेला होता. बुडबुडे वरच्या सायीत जमा झालेले आणि मधला भाग मोकळा, हा शांत उद्रेकाचा दगडात कोरलेला दाखला आहे.

याच पठाराच्या उत्तर कडेला अपवादही उभा आहे. वडोदऱ्याजवळच्या पावागडाचा खालचा भाग बेसाल्टचा आहे, पण माथ्याकडे रायोलाइट हा डेसाइटहूनही सिलिकासंपन्न खडक आढळतो. पातळ रसाच्या एवढ्या विशाल प्रदेशातही शेवटी कोठे कोठे दाट रस तयार झाला होता. दोन्ही जातींचे शिलारस एकाच मुलखातून निघू शकतात, हे पावागड जसे सांगतो, तसेच एर्ता अले आणि हायली गुब्बीची जोडी एकाच रांगेतल्या दोन डोंगरांची वागणूक किती भिन्न असू शकते हे सांगते.

पुढच्या वेळी एखादा दूरचा डोंगर बातम्यांत येईल, तेव्हा राखेच्या उंचीबरोबर आणखी दोन आकडे शोधावेत. रसात सिलिका किती आणि आधीच्या आठवड्यांत वायू किती बाहेर पडत होता. तो वायू अचानक कमी झाला असेल, भूकंप मुखाखाली सरकले असतील आणि जमीन फुगत असेल, तर डोंगर शांत झाला असे म्हणणाऱ्याने पिनाटुबोचा जूनचा पहिला आठवडा आठवावा.